रिक्रूटरच्या मेसेजला उत्तर

लिंक्डइनवर रिक्रूटरने स्वतःहून पाठवलेला मेसेज म्हणजे नोकरीचा प्रस्ताव नव्हे. प्रोफाइलमधले काही शब्द त्याच्या शोधात जुळले, एवढाच त्याचा अर्थ. तोच मजकूर बहुधा आणखी बऱ्याच जणांना गेलेला असतो. नुसते ‘इंटरेस्टेड’ लिहिणारा त्या गर्दीतच राहतो. त्या जागेला धरून लिहिलेल्या चार-पाच ओळी वाचल्या जातात.

आधी मेसेज पाठवणारा कोण, हे पाहावे. कंपनीचा स्वतःचा रिक्रूटर कंपनीचे नाव सांगतो. कन्सल्टन्सीचा माणूस मात्र अनेकदा ‘आमचा एक नामांकित क्लायंट’ एवढेच लिहितो. अशा वेळी नाव कळल्याशिवाय रेझ्युमे पाठवू नये. एकाच उमेदवाराचा रेझ्युमे दोन कन्सल्टन्सींकडून एकाच कंपनीत पोचला, तर कमिशन कोणाचे यावरून वाद होतो आणि पुष्कळदा कंपनी त्या उमेदवारालाच बाजूला ठेवते. चूक त्याची नसते, पण संधी त्याची जाते.

समजा, पुण्यात 5 वर्षे सॉफ्टवेअर टेस्टिंग करणाऱ्या एका इंजिनिअरला मेसेज आला: हिंजवडीत बँकिंग प्रकल्पासाठी ऑटोमेशन टेस्टर हवा, सेलेनियम आणि जावा आवश्यक. उत्तर बहुधा इंग्रजीतच जाते. त्याचा आशय असा असावा:

‘नमस्कार, मेसेजबद्दल आभार. गेली 3 वर्षे मी कर्जवाटपाच्या सॉफ्टवेअरचे टेस्टिंग सेलेनियम आणि जावा वापरून करते. ज्या रिग्रेशन टेस्टिंगला 2 दिवस लागत, ते आता 4 तासांत होते. नोटीस पीरियड 60 दिवसांचा आहे. क्लायंटचे नाव, पगाराची मर्यादा आणि आठवड्यातून किती दिवस ऑफिसला यावे लागेल, हे कळवाल का? जुळत असेल तर रेझ्युमे पाठवते. गुरुवारी संध्याकाळी 6 नंतर फोनवर बोलता येईल.’

यात बँकिंगला बँकिंगचाच अनुभव जोडला आहे आणि कामाचा पुरावा एकाच आकड्यात आहे. नोटीस पीरियड लपवून उपयोग नसतो. रिक्रूटरच्या तक्त्यात त्याचा वेगळा रकाना असतो आणि जागा तातडीने भरायची असेल तर निवड तिथेच अडते. सध्याचा पगार मात्र पहिल्याच उत्तरात सांगण्याची घाई नको, कारण पुढची बोली त्याच आकड्यावरून सुरू होते.

नोंदणी शुल्क किंवा लॅपटॉपसाठी अनामत मागणारा, लगेच टेलिग्रामवर बोलावणारा माणूस रिक्रूटर नसतो. तिथे उत्तर न देता तक्रार नोंदवावी.

जागा नको असेल तरी दोन ओळींत नकार कळवावा. इनमेलने आलेल्या अशा मेसेजला 90 दिवसांच्या आत होकार किंवा नकार मिळाला, तर रिक्रूटरने खर्चलेले क्रेडिट लिंक्डइन त्याला परत देते.