फोनवर बनवलेलं प्रेझेंटेशन शाळेच्या कॉम्प्युटरवर का बिघडतं?

घरबसल्या शाळेच्या प्रोजेक्टची सेवा सुरू करायची आहे, पण लॅपटॉप नाही? फोनवर काम होतं. अभ्यास मुलाने करायचा, मांडणी आणि फाइल तुम्ही सांभाळायची. पण गिऱ्हाईक पैसे देतं ते शाळेत नीट उघडणाऱ्या फाइलचे. तुमच्या स्क्रीनवर ती कशी दिसते याला फारसा अर्थ नाही.

एक उदाहरण घेऊ. नेरूळच्या आठवीतल्या मुलीचा विषय आहे 'ठाणे खाडीतले फ्लेमिंगो'. मजकूर मराठीत, स्लाइड आठ.

ॲप कोणतं? कॅनव्हात सजावट झटपट होते, पण तिथला सुंदर मराठी फॉन्ट शाळेच्या कॉम्प्युटरवर असेलच असं नाही. तसं झालं की पॉवरपॉइंट फाइल उघडताना दुसराच फॉन्ट लागतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि ओळी चौकटीबाहेर जातात. गुगल स्लाइड्समध्येही मुक्ता किंवा बलू फॉन्ट घेतला, तर हाच धोका. म्हणून साधी मांडणी गुगल स्लाइड्समध्ये करा आणि प्रत्येक चौकटीत खाली थोडी जागा मोकळी सोडा.

एका स्लाइडवर एक फोटो आणि दोन-तीन ओळी पुरेत. 'ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला' ही एक ओळ आणि खाली खाडीचा फोटो, झाली स्लाइड. अक्षरं वाचता येतील का, हे पाहायला फोन हात लांब करून धरा. तिथून वाचता आलं नाही, तर मागच्या बाकावरूनही येणार नाही.

फोटो व्हॉट्सॲपवरून मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबला जातो आणि प्रोजेक्टरवर धूसर दिसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ॲपमध्ये वरचे तीन ठिपके दाबा, `Share & export` मध्ये `Save as` निवडा आणि दोन फाइल काढा: एक `PowerPoint (.pptx)`, दुसरी `PDF`. पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलच्या आतच बसतो, त्यामुळे मांडणी हलत नाही. मात्र त्यात ॲनिमेशन चालत नाही आणि शिक्षकांना सहज दुरुस्ती करता येत नाही. म्हणून दुरुस्तीसाठी पॉवरपॉइंट आणि सादरीकरणासाठी पीडीएफ.

नुसती लिंक पाठवू नका. परवानगी दिली नसेल, तर शिक्षकांना 'ॲक्सेस मागा' एवढंच दिसेल, आणि वर्गात इंटरनेट नसेल तर तेही नाही. दोन्ही फाइल पेनड्राइव्हवर द्या. फोनला ओटीजी अडॅप्टर लावला की थेट कॉपी होतात.

देण्याआधी पॉवरपॉइंट फाइल जवळच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर एकदा उघडून बघा. आठही स्लाइडमधली जोडाक्षरं आणि ओळी जागेवर असतील, तरच गिऱ्हाइकाकडून पैसे घ्या.