दहा हजार भरा, तेरा हजारांची सेवा घ्या

सलूनच्या काउंटरवर ही ऑफर हमखास ऐकू येते. तीस टक्के फायदा, असं सांगतात. प्रत्यक्षात तेरा हजारांच्या कामाचे तुम्ही दहा हजार देता, म्हणजे सवलत सुमारे 23 टक्के. तीही संपूर्ण रक्कम मुदतीत वापरली तरच.

समजा, वर्ष संपताना वॉलेटमध्ये 2,600 रुपये उरले आणि बुडाले. मग 10,400 रुपयांच्या कामाला दहा हजार पडले. सवलत चार टक्क्यांहूनही कमी! तीन हजार बुडाले तर फायदा शून्य. त्यात अनेक ठिकाणी वॉलेटवर इतर ऑफर चालत नाही. एरवी रोख देणाऱ्याला वीस टक्के सूट असेल, तर त्याला तेच तेरा हजारांचं काम 10,400 रुपयांत मिळतं.

मोठी जोखीम वेगळीच आहे. फक्त त्याच दुकानात चालणाऱ्या अशा वॉलेटला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. सलूनला टाळं लागलं, तर तुम्ही विनातारण देणेकरी ठरता आणि वसुली जवळपास अशक्य होते. म्हणून दोन-तीन महिन्यांत नक्की संपेल एवढीच रक्कम भरा आणि मुदत व परताव्याची अट पावतीवर लिहून घ्या.