जग आणि जग

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी कविता वाचली. तिच्यात एक ओळ होती : ‘हे जग मला जग म्हणत नाही.’ म्हणजे ही दुनिया मला ‘तू जगत राहा’ असे सांगत नाही. मला ओळ मोठी दर्दभरी वाटली होती. समोरची मुले हसली. खाली उतरल्यावर एका मित्राने सांगितले, ‘‘अरे, तू दोन्ही जग सारखेच म्हणालास. दुनिया दुनियेला दुनिया म्हणत नाही, असे ऐकू आले आम्हांला.’’

आमच्या घरची बोली दखनी. मराठी मी शाळेत शिकलो, पुस्तकांवर मनापासून प्रेम करून शिकलो. पण पुस्तकात दोन्ही ‘जग’ एकाच तऱ्हेने छापलेले असतात. फरक डोळ्यांना दिसत नाही, तो तोंडात असतो. त्या फजितीनंतर मी आरशासमोर उभा राहून स्वतःच्या तोंडात पाहू लागलो. आज तुम्हांलाही थोडे तिकडेच न्यायचे आहे.

कोणतेही व्यंजन दोन प्रश्नांनी ओळखता येते. फुप्फुसातून निघालेली हवा तोंडात कुठे अडली? आणि कशी अडली? पहिल्याला व्याकरणात स्थान म्हणतात, दुसऱ्याला प्रयत्न. आपण लहानपणी घोकलेली बाराखडीआधीची वर्णमाला ही खरे तर या ‘कुठे’ची वाट आहे, आतून बाहेर येणारी. सावकाश म्हणून पाहा : क, च, ट, त, प. ‘क’ला जिभेची मागची बाजू उचलून मऊ टाळूला लागते. (जुन्या व्याकरणात त्याला कंठ्य म्हणतात, पण जीभ घशापर्यंत जात नाही.) ‘च’ला जिभेचा पुढचा पसरट भाग कठीण टाळूला टेकतो. ‘ट’ला शेंडा वर वळतो. ‘त’ला तो वरच्या दातांच्या मागे येतो, आणि ‘प’ला जिभेचे काही कामच नाही, ओठ मिटले की झाले.

आता एकाच ओळीत चला : प, फ, ब, भ, म. जागा एकच, ओठ. मग पाच अक्षरे कशी झाली? तळहात तोंडासमोर धरून ‘प’ आणि ‘फ’ म्हणा. ‘फ’ला हवेचा झोत हाताला लागेल. मात्र ओठ पुरते मिटा. हल्ली आपल्यातले पुष्कळजण फळातला ‘फ’ वरचे दात खालच्या ओठावर ठेवून म्हणतात, त्याने प्रयोग फसतो. मग बोटे गळ्यावर ठेवून ‘प’ आणि ‘ब’ म्हणा. ‘ब’ला आत थरथर जाणवते, ती स्वरतंतूंची. राहिला ‘म’. नाक चिमटीत धरून ‘मामा’ म्हणायचा प्रयत्न करा, ‘बाबा’सारखे काहीतरी बाहेर पडेल. ‘म’ला ओठ मिटलेले असतात आणि हवा नाकाने जाते, ती वाट बंद केली की ‘म’ उरतच नाही. सर्दी झालेल्या माणसाचे बोलणे आपण ऐकतो ते हेच.

‘कुठे’ आणि ‘कसे’ या दोन गोष्टी एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत, हे मला कळले ते ‘कलम’ या शब्दावरून. अरबीतला मूळ ‘क़’ मराठी ‘क’च्याही मागे, पडजिभेपाशी होतो. हवा तिथे पूर्ण अडते आणि सुटते. हा शब्द मराठीत आला तेव्हा मराठी माणसाने अडवण्याची रीत तशीच ठेवली आणि जागा थोडी पुढे आणली. झाले ‘कलम’. आमच्या दखनीने उलटे केले. आमच्या घरी ‘ख़लम’ म्हणतात. जागा मागचीच राहिली, पण वाट पुरती बंद करण्याऐवजी जीभ एक फट ठेवते आणि हवा त्या फटीतून घासत जाते. उत्तरेकडचे उर्दूवाले यावर हसतात. माझ्या आईच्या तोंडी ‘ख़लम’ आले म्हणजे मला त्यात चूक दिसत नाही. एकाने घर बदलले, दुसऱ्याने दार उघडे ठेवले, एवढेच.

आता माझ्या ‘जग’कडे येतो. त्याचा भाऊ ‘च’ जास्त सोपा, तिथून सुरुवात करू. ‘चार’ म्हणा, पण ‘च’वरच रेंगाळा, पुढे जाऊ नका. शेवटी ‘श’सारखा आवाज लांबत जाईल. आता ‘चाक’ म्हणा आणि तसेच रेंगाळा. या वेळी ‘स’ ऐकू येईल. दोन्ही ‘च’ची रीत एक आहे : आधी हवा अडते, मग घासत सुटते. जागा मात्र दोन आहेत. ‘चार’ला जीभ टाळूवर असते, ‘चाक’ला दातांच्या मागे येते. ज्यांना दुसरा ‘च’ साधत नाही त्यांनी ‘त’ आणि ‘स’ जोडून भरभर म्हणावे, ‘त्स’. मी तसाच शिकलो.

कुठे कोणता, याला थोडा नियम आहे. पुढे इ, ई, ए किंवा य आला की बहुधा टाळूचाच ‘च’ येतो. एक ‘चमचा’ घ्या, दोन्ही ‘च’ दातांचे. अनेक झाले की ‘चमचे’, आणि शेवटचा ‘च’ टाळूवर जातो. ‘माझा’चे ‘माझी’ करा, तेच होईल. कारण इ-ए म्हणताना जीभ टाळूकडे चढायला निघालेलीच असते, ती व्यंजनालाही बरोबर घेऊन जाते. संस्कृतातून आले तसे राहिलेले शब्द, म्हणजे चंद्र, चरण, जन, यांच्यात टाळूचाच उच्चार राहतो. आकडा ‘चार’ अपवाद वाटतो, पण जुन्या कागदांत तो ‘च्यार’ असाही लिहिलेला सापडतो. तो ‘य’ लिहिण्यातून गेला, जिभेवर राहिला. म्हणून गाईला ‘चार’ म्हटले तर दातांचा ‘च’, आणि गाई ‘चार’ म्हटल्या तर टाळूचा.

माझ्या ओळीतही हेच होते. दुनिया या अर्थाचे ‘जग’ संस्कृतातले, त्याचा ‘ज’ टाळूचा. ‘जगणे’ मराठी वळणाचे, त्याचा ‘ज’ दातांमागचा, ‘द’ला लागून ‘ज़’ यावा तसा. ‘थोडेसे’ या अर्थाचे ‘जरा’ आणि म्हातारपणाचे ‘जरा’ यांचेही असेच आहे. गंमत अशी की तो ‘ज़’ माझ्या तोंडात जन्मापासून होता. घरी ‘ज़मीन’, ‘ज़रा’ मी रोज म्हणत होतो. मराठी ‘ज’साठी त्याच्याआधी जीभ क्षणभर दातांच्या मागे टेकवायची, एवढेच बाकी होते. पण अक्षराखाली नुक्ता नाही, म्हणजे तो आवाजही नाही, अशी माझी समजूत. छापील अक्षरावर मी फार विश्वास ठेवला.

आता ती ओळ वाचतो तेव्हा पहिल्या ‘जग’ला जीभ टाळूवर ठेवतो, दुसऱ्याला दातांकडे आणतो. माझ्या वहीत दुसऱ्या ‘ज’खाली मी एक टिंब दिले आहे. संग्रहाच्या मुद्रितात ते शाईचा डाग समजून कोणीतरी काढून टाकले.