बारा इतिवृत्तं, एक तक्ता

उपनिबंधक कार्यालयाचं पत्र येतं: वर्षभरातले खर्चाचे ठराव तक्त्यात सादर करा. गृहनिर्माण संस्थेच्या सचिवासमोर तेव्हा इतिवृत्ताची वही असते. एप्रिल ते मार्च, महिन्याला किमान एक सभा. संस्थेचं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं आणि वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तिच्या अहवालालाही हाच तक्ता उपयोगी पडतो.

जाणकार सचिव आधी चर्चा आणि ठराव वेगळे करतो. ‘सदस्यांनी गळतीकडे लक्ष वेधले’ ही चर्चा झाली. ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलेला, सूचक-अनुमोदकाची नावं असलेला ठरावच तक्त्यात येतो.

समजा, टाकीच्या दुरुस्तीसाठी जूनमध्ये दरपत्रकं मागवायचं ठरलं. ऑगस्टमध्ये 4,80,000 रुपयांचं दरपत्रक मंजूर झालं. नोव्हेंबरात वाढीव कामासह एकूण 5,40,000 रुपयांना मान्यता मिळाली. दोन्ही रकमा बेरजेत धरल्या, तर खर्च 10,20,000 दिसेल. म्हणून तिन्ही ठराव क्रमांक आणि तारखांसह एकाखाली एक लिहायचे, पण बेरजेत फक्त शेवटची रक्कम घ्यायची. शेरा: ‘ऑगस्टचा ठराव सुधारित’.

इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होतं आणि तिथे दुरुस्तीही सुचवली जाते. म्हणून प्रत्येक नोंद पुढच्या सभेच्या पहिल्या विषयाशी ताडून पाहावी लागते.

शेवटी ठराव क्रमांक सलग वाचायचे. 14 नंतर थेट 16 आला, तर वहीत परत 15 शोधायचा. तो खर्चाशी संबंधित नसेल, तर तसा शेरा मारायचा. प्रत्येक ओळीसमोर वहीचा पान क्रमांकही द्यायचा.