गोल अक्षरांच्या चार पाट्या

थायलंडमधल्या नोंग खाई गावाहून मेकाँग नदीवरचा पूल ओलांडला की लाओस लागतो. देश बदलतो, पण दुकानांच्या पाट्या बदलल्यासारख्या वाटत नाहीत. अलीकडे जी वळणदार अक्षरं, तीच पलीकडेही दिसतात. थाई, लाओ, बर्मी आणि ख्मेर या चारही लिप्या देवनागरीप्रमाणेच ब्राह्मीच्या वंशातल्या आहेत. फक्त त्यांना शिरोरेषा नाही. अक्षर किती गोल आहे यावरून लिपी ओळखायला गेलं की हमखास फसायला होतं. त्यापेक्षा अक्षराच्या डोक्यावर काय आहे आणि पायाशी काय लोंबतंय, ते आधी पाहावं.

ख्मेर सगळ्यांत लवकर हाती लागते. कंबोडियातल्या दुकानांवर ठळक, गोलसर वळणाची अक्षरं असतात. बऱ्याच अक्षरांच्या माथ्यावर नागमोडी तुरा असतो. ख्मेर लोक त्याला ‘केस’ म्हणतात. जोडाक्षरातला दुसरा वर्ण पहिल्याच्या खाली लहान होऊन बसतो, त्याचं नाव ‘पाय’. उपाहारगृहाच्या पाटीवरचा शब्द वर्णागणिक वाचला तर ‘भोजनीयट्ठान’ असा निघतो, म्हणजे आपलंच भोजनीय स्थान. त्यातल्या ट्ठ-पाशी असा पाय स्पष्ट लोंबताना दिसतो. ख्मेर भाषेत सूर नाहीत, त्यामुळे सूरचिन्हंही नाहीत. अक्षरांवर लहान दाते किंवा टिंबं दिसतात खरी, पण ती स्वराचा उच्चार बदलण्यासाठी असतात.

बर्मी लिपीत वर्तुळाचंच राज्य आहे. पूर्ण बंद वर्तुळ हे एक अक्षर, वरून उघडं हे दुसरं, खालून उघडं तिसरं, उजवीकडून उघडं चौथं. ताडपत्रावर सरळ आडव्या रेघा कोरल्या तर पान चिरतं, म्हणून अक्षरं गोल होत गेली, असं सांगितलं जातं. ‘साइंग’ म्हणजे दुकान. हा शब्द तिथल्या पाट्यांवर जागोजागी असतो. त्याच्या शेवटी उजवीकडे उघडं वर्तुळ असतं आणि त्याच्या डोक्यावर छोटासा आकडा. हा आकडा म्हणजे अक्षराचा पाय मोडल्याची खूण. सूर दाखवायला अक्षरापुढे आपल्या विसर्गासारखी दोन लहान वर्तुळं येतात किंवा अक्षराखाली एक टिंब येतं. नुसत्या विसर्गावर मात्र विसंबू नये, कारण तसंच चिन्ह ख्मेरमध्येही आहे. डोक्यावरचा आकडा आणि विसर्ग एकाच पाटीवर वारंवार दिसले, तर ती बर्मी.

खरी कसोटी थाई आणि लाओ यांच्यात आहे. दोन्हींत बहुतेक अक्षरांची सुरुवात एका इवल्या पोकळ वर्तुळाने होते. सूरचिन्हंही दोन्हींत चारच आणि सारख्याच घडणीची: उभी लहान रेघ, वळलेला आकडा, साताच्या थाई आकड्यासारखं एक आणि बेरजेचं चिन्ह. पाटीवर पहिली दोन सारखी भेटतात, बाकीची क्वचित. म्हणजे सूरचिन्हावरून ‘ही ख्मेर किंवा बर्मी नाही’ इतकंच कळतं.

इथे कामी येतं ते शुद्धलेखन. खाणावळीला थाईत ‘रान आहान’ म्हणतात, लाओत ‘हान आहान’. दोन्ही पाट्यांवर पहिल्याच अक्षराच्या डोक्यावर तोच वळलेला आकडा असतो. पण आहान म्हणजे आपला आहार, आणि थाई लेखनाने मुळातला र जपून ठेवला आहे. उच्चार मात्र न. त्यामुळे थाई पाटीचं पहिलं आणि अगदी शेवटचं अक्षर एकच असतं. लाओने बोलण्याप्रमाणे लिहायचं ठरवल्यामुळे तिथे दोन्ही शब्द एकाच अक्षराने, न-ने संपतात. एक अक्षरही वाचता येत नसलं तरी ही जुळणी डोळ्यांना करता येते.

दुसरी खूण त्याहून झटपट. शब्दात लिहिलेलं पण न उच्चारायचं अक्षर थाईत डोक्यावर शेपटीवाली बारीक गाठ घेऊन येतं. ‘बीअर’च्या थाई पाटीवर शेवटच्या र-वर ही गाठ असते. लाओ लेखनात तो र-च गाळलेला असतो, त्यामुळे गाठीचा प्रश्नच येत नाही. पोस्टाच्या थाई पाटीवरही शेवटच्या अक्षरावर गाठ दिसते, लाओ पाटीवर नाही. अशी गाठ दिसली की ती थाई समजायला हरकत नाही. ती दिसली नाही म्हणून लाओ ठरवू नये.

बँकॉकच्या मॉलमध्ये आणखी एक अडचण येते. आधुनिक टंकांत अक्षरांची ती सुरुवातीची वर्तुळं काढूनच टाकतात. मग थाई र इंग्रजी एस्-सारखा आणि न यू-सारखा दिसू लागतो आणि घाईत पाटी रोमन वाटते. तेव्हा नजर पुन्हा वर न्यावी, कारण अक्षराचा साज उतरवला तरी सूरचिन्हं आणि गाठ काढून चालत नाही.

सरहद्दीवर लिपी ओळखली म्हणजे भाषा कळली असंही नाही. म्यानमारला लागून असलेल्या थायलंडमधल्या मे सोत गावी बर्मी वळणाची पाटी कारेन भाषेतलीही असू शकते. च्यांग माईतल्या विहारांच्या नावांच्या पाट्यांवर जुनी लान्ना लिपी भेटते. ती इतकी गोल आहे की पाहणारा तिला बर्मीच समजतो. अशा पाटीवर बहुधा शेजारीच थाईतलं नावही लिहिलेलं असतं.