रंग मिसळायला किती फेऱ्या लागतात?

टाकीतला द्रव खरोखर किती वेळात एकजीव होतो, हे मोजायची एक जुनी आणि सुंदर रीत आहे. पारदर्शक टाकीत पाणी भरायचं, त्यात थोडं आयोडीन आणि स्टार्च घालून ते गडद निळं करायचं, पंखा सुरू करायचा आणि वरून हायपोचं, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं, द्रावण एकदम ओतायचं. हायपो जिथे पोचेल तिथला निळा रंग उडतो. शेवटचा निळा पुंजका कुठे उरला आणि किती सेकंदांनी नाहीसा झाला, एवढंच पाहायचं. साध्या पाण्यात रंग ओतूनही पाहता येईल, पण मग न मिसळलेला शेवटचा कोपरा सभोवतालच्या रंगाआड दडून राहतो. रंग उडवला की तोच कोपरा लपू शकत नाही.

हा प्रयोग गुळगुळीत गोल टाकीत, दांडा बरोबर मध्यावर ठेवून केला, तर निकाल निराशाजनक येतो. पंखा जोरात फिरतो, पाणीही जोरात फिरतं, मधोमध खोल भोवरा पडतो. बघणाऱ्याला वाटतं, काय जबरदस्त ढवळतंय! प्रत्यक्षात सगळं पाणी पंख्याबरोबर एकाच दिशेने गरगरत असतं. शेजारी शेजारीच राहतो. वरचा थर वर, खालचा खाली. निळे पट्टे कितीतरी वेळ दिसत राहतात. भोवरा पंख्यापर्यंत उतरला की पंखा हवा ओढू लागतो, फेस होतो आणि दांडा थरथरतो.

ताक करताना आपल्याकडची दोरीची रवी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरते. दिशा सतत उलटत असल्यामुळे ताकाला रवीबरोबर गरगरत राहायची सवडच मिळत नाही. कारखान्यातला ॲजिटेटर मात्र एकाच दिशेने फिरतो, म्हणून तिथे पाण्याला अडवायचं काम भिंतीकडे दिलेलं असतं. टाकीच्या आतल्या बाजूने चार उभ्या पट्ट्या लावतात. त्या म्हणजे बॅफल. प्रत्येकीची रुंदी टाकीच्या व्यासाच्या दहाव्या ते बाराव्या भागाएवढी असते, आणि मागे गाळ साचू नये म्हणून भिंतीपासून थोडी फट ठेवलेली असते. गरगरणारं पाणी पट्टीवर आपटतं आणि वर-खाली वळतं. पंख्याने तळाकडे ढकललेलं पाणी भिंतीलगत वर चढतं आणि मध्यावरून पुन्हा पंख्याकडे येतं.

या अडवण्याची किंमत मोटर भरते. पंख्यांच्या वीजखर्चाचा पायाभूत अभ्यास रश्टन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1950 साली प्रसिद्ध केला. सहा सपाट पात्यांच्या ज्या पंख्याला आज रश्टन टर्बाइन म्हणतात, तो पाण्यासारख्या द्रवात बॅफल असताना बिनबॅफलच्या चार-पाच पट शक्ती घेतो. म्हणूनच चालू टाकीत एखादी पट्टी तुटून पडली, तर झाकण न उघडताही सुगावा लागतो. द्रव तोच, वेग तोच, आणि ॲमीटरचा आकडा मात्र खाली आलेला असतो.

आता एक टाकी हिशेबाला घेऊ. व्यास 2 मीटर, पाण्याची उंचीही 2 मीटर, म्हणजे सुमारे 6300 लिटर. चार बॅफल. पंख्याला 45 अंशांत तिरकी चार पाती आणि त्याचा व्यास टाकीच्या एक तृतीयांश. पाणी खळाळत वाहत असेल, तर 95 टक्के मिसळण व्हायला या पंख्याला साधारण 43 फेऱ्या माराव्या लागतात. सावकाश मारा की भराभर, फेऱ्या तेवढ्याच. मिनिटाला 90 फेऱ्यांच्या वेगाने 29 सेकंद लागतात, 45 च्या वेगाने 57. वेग दुप्पट तर वेळ निम्मा, इतका सरळ व्यवहार.

पण शक्तीचा व्यवहार असा सरळ नाही. ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 90 च्या वेगाला पंख्याला सुमारे 580 वॅट लागतात, तर 180 ला 4.6 किलोवॅट. वेळ निम्मा करायला आठपट शक्ती.

प्रयोगशाळेतून कारखान्यात गेलेल्या बॅचचं गणित इथेच चुकतं. त्याच प्रमाणात बनवलेल्या 10 सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यातही फेऱ्या 43 च लागतात, पण तिथला छोटा पंखा मिनिटाला 600 च्या वेगाने सहज फिरतो आणि चार सेकंदांत काम होतं. मोठ्या टाकीतही चारच सेकंद हवे असतील, तर तिथेही 600 चाच वेग लागेल, आणि त्यासाठी सुमारे 170 किलोवॅट शक्ती. एवढी मोटर आणि एवढा दांडा कोणी बसवत नाही. म्हणून मोठी टाकी सावकाशच मिसळते, आणि प्रक्रिया त्या हिशेबाने आखावी लागते.

रंगरसायनात याचा फटका डोळ्यांना दिसतो. नॅफ्थॉलमध्ये डायॲझो क्षाराचं द्रावण सोडलं की एकेरी ॲझो रंग क्षणात तयार होतो. पण द्रावण पडलं तिथेच रेंगाळलं, तर त्या पुंजक्यातला नॅफ्थॉल संपतो आणि उरलेला क्षार तयार रंगालाच जाऊन चिकटतो. मग दुहेरी रंग बनतो, म्हणजे मालात नको ती छटा. झुरिकच्या ईटीएच संस्थेतील जे. आर. बॉर्न यांनी याच अभिक्रियेचा मिसळण तपासण्यासाठी उपयोग केला: दुहेरी रंग जितका जास्त, तितकं मिसळणं कच्चं. इथे सबंध टाकीचे 29 सेकंद दुय्यम ठरतात. द्रावण पडतं तिथे पहिल्या क्षणी काय होतं, ते निर्णायक. म्हणून अशी द्रावणं पृष्ठभागावर ओतण्याऐवजी नळीने थेट पंख्याजवळ सोडणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं.

उरला प्रश्न श्यानतेचा, म्हणजे द्रवाच्या वाहण्याला आतूनच होणाऱ्या विरोधाचा. तिचं वागणं चकवणारं आहे. आपल्या टाकीत 90 च्या वेगाला द्रव पाण्याच्या शंभरपट श्यान होईपर्यंत 43 फेऱ्यांचा हिशेब जवळपास तसाच राहतो. त्यानंतर मात्र खळाळ विरू लागतो. एरंडेलासारखा, पाण्याच्या हजारपट श्यान द्रव घेतला, तर तोच पंखा त्याच वेगाने फिरवून सुमारे 250 सेकंद लागतात, म्हणजे 380 फेऱ्या. या पट्ट्यात वेगाचा नियमही बदलतो: वेग दुप्पट केला तर वेळ निम्मा नव्हे, चौथाई होतो. 180 च्या वेगाला साधारण 63 सेकंद. पाण्यात उधळपट्टी वाटणारा वेग इथे कामी येतो.

द्रव आणखी श्यान झाला की बॅफलच अडचण ठरतात. असा द्रव मुळात गरगरतच नाही, त्याला भिंतीचं घर्षण पुरतं; उलट पट्ट्यांमागे हालचाल नसलेले कोपरे तयार होतात. तिथे बॅफल काढून टाकतात आणि छोट्या पंख्याऐवजी भिंतीलगत फिरणारा अँकर किंवा मळसूत्रासारखी पट्टी वापरतात.

जाड रंग, जेल किंवा झँथन गमाची द्रावणं आणखी वेगळी फसवतात. पंख्याजवळ ढवळली की ती पातळ होतात, दूर मात्र घट्टच राहतात. मग पंख्याभोवती एक पोकळीसारखा भाग झपाट्याने फिरत असतो आणि भिंतीजवळचा माल जागचा हलत नाही. मोटर नेहमीसारखी चालते, ॲमीटरवर काही दिसत नाही. अशा वेळी खात्रीची तपासणी म्हणजे भिंतीलगत पृष्ठभागावर रंगाचे चार थेंब टाकून ते हलतात का, हे पाहणं आणि पंख्याजवळचा व भिंतीजवळचा असे दोन वेगळे नमुने घेऊन शेजारी शेजारी ताडणं.