पांढरं वर कधी येतं?

लातेवर किंवा कॅपुचिनोवर दिसणारं दुधाचं हृदय कुणी वरून काढलेलं नसतं. काडीने रेघा ओढून किंवा चॉकलेटची पूड भुरभुरून केलेली नक्षी वेगळी. हे हृदय दूध ओतता ओतताच तयार होतं, तेही कप भरण्याच्या अगदी शेवटच्या काही सेकंदांत. नीट पाहिलं तर त्यात एक कोडं आहे. दूध एकच, पिचर एकच, ओतणारा हातही एकच. तरी सुरुवातीचं दूध तपकिरी कॉफीखाली दिसेनासं होतं आणि नंतरचं दूध पांढरंशुभ्र वर थांबतं. असं का होतं ते कळलं, की हृदय कसं ओतायचं हे बरंचसं कळलं.

एस्प्रेसो कपात उतरते तेव्हा तिच्यावर तांबूस-सोनेरी फेसाचा पातळ थर असतो. त्याला क्रेमा म्हणतात. वाफवलेल्या दुधात हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे असतात, त्यामुळे ते कॉफीपेक्षा हलकं असतं आणि संधी मिळाली तर तरंगतं. पण तेच दूध उंचावरून बारीक धारेने ओतलं, की धारेला वेग येतो, ती क्रेमाला भेदून तळाकडे जाते आणि कॉफीत मिसळते. क्रेमा वरच राहून कपाबरोबर चढत जातो. पिचरची चोच पृष्ठभागाच्या अगदी जवळ आणली, की दुधाला बुडी मारण्याइतका वेगच मिळत नाही आणि ते वर पसरतं. उंचावरून ओतलं की खाली, जवळून ओतलं की वर. लाते आर्टमधली पानं, फुलं, हंस हे सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

मात्र त्यासाठी दूध तसं हवं. अमेरिकेत ही कला रुजवणाऱ्यांत सिअ‍ॅटलच्या ‘एस्प्रेसो व्हिवाचे’चा डेव्हिड शोमर आघाडीवर होता. हृदयाचा आकार 1989च्या सुमारास त्याच्या कॅफेची ओळख बनला. पण मखमली दूध तिथल्या बरिस्तांना त्याच्या थोडं आधीच साधू लागलं होतं. आधी दूध आलं आणि आकार त्यामागून आला. शिकतानाही हाच क्रम ठेवावा असं मी आग्रहाने सांगेन. दूध जमलेलं नसेल, तर मनगट कितीही सफाईने फिरवलं तरी वर नुसता गोळा येतो.

एका कपाचं उदाहरण घेऊ. कप 200 मिलीचा, त्यात 18 ग्रॅम कॉफीतून काढलेली साधारण 36 ग्रॅम एस्प्रेसो. त्यासाठी 350 मिलीच्या स्टीलच्या पिचरमध्ये 150 मिलीच्या आसपास दूध घ्यायचं. मापाचं भांडं नसलं तरी चालतं. चोचीचा खोलगट भाग आतल्या बाजूने जिथे सुरू होतो, त्याच्या किंचित खाली दूध थांबलं पाहिजे. दूध फ्रिजमधलं, शक्यतो 4-5 अंशांचं. गार दुधाला तापायला वेळ लागतो आणि तोच वेळ फेस बारीक करायला मिळतो.

आपल्याकडे दूध आणलं की उकळायचं ही सवय आहे. सुट्टं कच्चं दूध उकळायलाच हवं. पिशवीतलं पाश्चराइझ्ड दूध मात्र या कामासाठी थेट फ्रिजमधून घ्यावं. उकळलेल्या दुधाला वेगळा स्वाद येतो आणि सायीचे बारीक तुकडे फेसात अडकून पृष्ठभाग खडबडीत करतात. बुडबुडे धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं. स्निग्धांशामुळे चकाकी आणि दाटपणा येतो. साडेतीन टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असलेलं गायीचं दूध नवशिक्याला सोपं जातं. सहा टक्क्यांचं फुल क्रीम चवीला सुरेख लागतं, पण त्याचा फेस जड होतो आणि हाताला उशिरा वळतो. दूध जुनं असेल तर त्यातली चरबी फुटू लागलेली असते. अशा दुधाचा फेस चरचरत विरतो. तेव्हा दोष हाताचा नसून दुधाचा असतो, पिशवी बदलावी.

आता वाफ. नळीत साठलेलं पाणी आधी वाफेच्या एका झोताने बाहेर काढून टाकायचं. मग पिचर किंचित तिरका धरून नळीचं टोक मध्यभागापासून जरा बाजूला, दुधाच्या पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवायचं आणि वाफ पूर्ण सोडायची. ‘स्स्... स्स्...’ असा तुटक आवाज आला की हवा आत जाते आहे. मोठे बुडबुडे फुटून दूध उडायला लागलं तर टोक फार वर आहे, आणि किंचाळल्यासारखा कर्कश आवाज आला तर हवा जातच नाही. हवा घेण्याचं हे काम पहिल्या काही सेकंदांतच संपवायचं. पिचरच्या बाहेरून लावलेल्या तळहाताला दूध ना गार ना गरम वाटू लागलं, म्हणजे ते शरीराच्या तापमानाला आलं, की थांबायचं. तोवर दूध पाव पटीच्या आतच वाढलेलं असावं.

यानंतर टोक जरासं आणखी खाली न्यायचं. आता नवी हवा जायला नको, पण दूध भोवऱ्यात फिरत राहिलं पाहिजे. टोक बाजूला आणि पिचर तिरका ठेवला होता तो याच भोवऱ्यासाठी. तो वरचे बुडबुडे खाली ओढून बारीक करत राहतो, आणि शेवटी एकेक बुडबुडा डोळ्यांना दिसेनासा होतो. पिचरला लावलेला हात टिकेनासा झाला की वाफ बंद. तेव्हा दूध 60 अंशांच्या आसपास असतं. 70च्या पुढे गेलं की प्रथिनं बिघडू लागतात, उकळल्या दुधाचा वास येतो आणि रेशमीपणा जातो. नळी लगेच ओल्या फडक्याने पुसून पुन्हा एकदा वाफ सोडायची, नाहीतर दूध तिच्यावर करपून बसतं.

वर एखाद-दुसरा मोठा बुडबुडा राहिलाच, तर पिचर ओट्यावर आपटून तो फोडावा. मग पिचर गोल गोल हलवत राहायचं. दुधाचा पृष्ठभाग ओल्या ऑइलपेंटसारखा चकाकला पाहिजे. निस्तेज, कोरडा दिसला तर हवा जास्त गेली आहे. पाण्यासारखं हललं तर हवा कमी पडली. हे हलवणं ओतेपर्यंत थांबवायचं नाही. थांबवलं, की अर्ध्या मिनिटात फेस वर आणि पातळ दूध खाली अशी फारकत सुरू होते. म्हणूनच एस्प्रेसो आधी काढून ठेवावी आणि दूध तयार होताच ओतायला घ्यावं. एस्प्रेसोही फार वेळ थांबवू नये, क्रेमा सुकला की आकाराच्या कडा फाटतात.

आता कोनाचा प्रश्न. बहुतेकांचा घोळ इथेच होतो, कारण सगळं लक्ष पिचरकडे असतं आणि कप सरळ धरलेला असतो. अर्धा भरलेला कप सरळ धरला, तर कॉफी काठापासून तीन-चार सेंटिमीटर खाली असते. चोच काठाला अडते, दूध तेवढ्या उंचीवरूनच पडतं आणि बुडतं. पांढरं वर येतच नाही. म्हणून कप पिचरच्या बाजूला चांगला तिरका करायचा, कॉफी काठाशी येईल इतका. आता पृष्ठभाग चोचीपर्यंत आला.

पहिली ओत बारीक आणि उंचावरून. चोच पृष्ठभागापासून सहा-सात सेंटिमीटर वर ठेवून कॉफी जिथे सर्वांत खोल आहे तिथे धार सोडायची. कप अर्ध्याहून थोडा जास्त भरेपर्यंत वर फक्त तपकिरी दिसलं पाहिजे. मध्येच पांढरा डाग उमटला तर पिचर जरा उंच करून धार त्या डागावर फिरवायची, तो बुडतो.

मग क्षणभर थांबून चोच कपाच्या मध्यावर, पृष्ठभागाला टेकेल इतकी खाली आणायची. आणि इथे धार वाढवायची. घाबरून धार बारीक ठेवली, तर पांढरं बाहेर येण्याऐवजी चोचीखालीच घुटमळतं. वाढवलेली धार फेसाला पुढे ढकलते आणि पांढरं वर्तुळ उमलू लागतं. आता हात हलवायचा नाही. एकाच जागी ओतत राहायचं, वर्तुळ आपोआप फुगतं. कप भरत जाईल तसतसा तो सरळ करत यायचं. पिचर रिकामा होत असतो, म्हणून तेवढीच धार राखायची तर पिचर मात्र आणखी कलवावा लागतो. म्हणजे एक हात सरळ होत असताना दुसरा कलत असतो. सरावाचा बराच भाग याच जोडीसाठी खर्च होतो.

कप काठाला आला, की पिचर चार-पाच सेंटिमीटर वर उचलायचं, धार दोऱ्याइतकी बारीक करायची आणि वर्तुळाच्या आपल्याकडच्या कडेपासून मधोमध पलीकडे न्यायची. उंचावरून पडणारी ही बारीक धार बुडताना पांढऱ्याला सोबत ओढते. जिथे ती शिरते तिथे खाच पडते आणि जिथे बाहेर पडते तिथे टोक निघतं. हृदयाचं टोक ओतणाऱ्यापासून दूर असतं ते यामुळेच. उचलायचं विसरून खालूनच रेघ ओढली, तर वर्तुळाला टोकाऐवजी पांढरी शेपटी फुटते.

बिघडलेला कपही वाचता येतो. सगळंच फिकट तपकिरी झालं, तर चोच उंच राहिली किंवा दूध पातळ होतं. आधी काहीच नाही आणि शेवटी फेसाचा ढीग पडला, तर हवा जास्त होती किंवा दूध थांबवून ठेवलं. हृदय काठाला चिकटलं, तर खाली आणलेली चोच मध्यावर नव्हती. बारीकसंच उमटलं, तर पहिल्याच ओतीत कप फार भरला आणि वर्तुळाला वाढायला जागा उरली नाही.

सरावात रोज लिटरभर दूध घालवायची गरज नाही. गार पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून तेच वाफवलं, तर फेस आणि भोवरा यांचा सराव होतो. एस्प्रेसोच्या जागी कोकोचं पाणी चालतं. हे अर्थातच प्यायचं नाही, आणि नंतर पिचर व नळी साबणाचा अंश राहणार नाही अशी धुवायची.

यंत्र नसेल, तर दूध 60 अंशांपर्यंत गरम करून फ्रेंच प्रेसमध्ये घ्यावं, दांडा वीसेक सेकंद जलद वरखाली करावा, मग पिचरमध्ये ओतून आपटावं, फिरवावं. वाफेच्या दुधाइतकं ते एकजीव होत नाही, हृदयापुरतं होतं. मोका पॉटच्या कॉफीवर मात्र खराखुरा क्रेमा नसतो, त्यामुळे आकाराच्या कडा पुसट येतात. कपात कॉफी ओतण्याआधी चिमूटभर कोको घालून ढवळला, तर तपकिरी गडद होतं आणि पांढरं त्यावर उठून दिसतं.